फोटोतल्या चेहऱ्यावरून वयाचा अंदाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'दिसणारं वय' म्हणजे नेमकं काय?

खरं वय जन्मतारखेवरून निघतं, त्यासाठी चेहरा बघावा लागत नाही. दिसणारं वय म्हणजे त्या व्यक्तीला न ओळखणाऱ्या बऱ्याच लोकांनी फक्त फोटो बघून सांगितलेल्या वयांची सरासरी. म्हणून खरं तर ते फोटोचं वय असतं. एकाच माणसाचे एकाच दिवशी काढलेले दोन फोटो वेगवेगळ्या लोकांना दाखवले, तर दोन वेगळी दिसणारी वयं येऊ शकतात आणि त्यात काही गडबड नसते.

हा फरक लक्षात ठेवला की 'अंदाज चुकला' या बोलण्याचे दोन अर्थ वेगळे काढता येतात. एक, मी सांगितलेला आकडा इतरांच्या सरासरीपासून लांब गेला. ही बघणाऱ्याची चूक. दुसरा, सगळ्यांची सरासरीच खऱ्या वयापासून लांब गेली. ती चूक चेहऱ्यात किंवा फोटोत दडलेली असते आणि आणखी शंभर लोकांना विचारून ती सुधारत नाही. पुढची बहुतेक उत्तरं या दुसऱ्या चुकीबद्दल आहेत.

एका फोटोचं दिसणारं वय काढतात कसं? एखादं उदाहरण द्या.

समजा, एका बाईंचा फोटो दहा जणांना दाखवला. प्रत्येकाने दुसऱ्याचं उत्तर न ऐकता आपला आकडा लिहून दिला: ३४, ३८, ३६, ४१, ३५, ३९, ३७, ३३, ४०, ३७. बेरीज ३७०, म्हणून दिसणारं वय ३७.

इथेच थांबायचं नाही. लोकांचं एकमत किती होतं तेही बघावं लागतं. प्रत्येक आकडा ३७ पासून किती दूर आहे त्याचा वर्ग करून बेरीज घेतली तर ६० येते. तिला दहाने भागलं की ६, आणि त्याचं वर्गमूळ साधारण २.४५. या फोटोबाबत लोक बऱ्यापैकी एकमताचे होते, असा त्याचा अर्थ.

आता अकरावा माणूस आला आणि ४० म्हणाला. तो किती चुकला? २०१५ मध्ये 'चालर्न' या संशोधकांच्या गटाने दिसणारं वय ओळखण्याची एक स्पर्धा घेतली होती. त्यात चूक मोजायला हे सूत्र वापरलं होतं:

```
ε = 1 − exp(−(x − μ)² / (2σ²))
```

x म्हणजे सांगितलेलं वय, μ म्हणजे लोकांची सरासरी आणि σ म्हणजे मतांचं विखुरलेपण. आपल्या उदाहरणात फरक ३ चा, त्याचा वर्ग ९, भागिले १२ म्हणजे ०.७५, आणि चूक येते सुमारे ०.५३. शून्य म्हणजे अचूक आणि १ म्हणजे पूर्ण फसलेला अंदाज. हाच माणूस ३८ म्हणाला असता, तर चूक फक्त ०.०८ आली असती.

मला या सूत्रातली एक गोष्ट फार न्याय्य वाटते. दुसऱ्या एखाद्या फोटोवर लोकांचीच मतं विखुरलेली असतील, समजा σ ५ असेल, तर तीन वर्षांच्या त्याच चुकीला ०.१६ इतकीच शिक्षा होते. जिथे माणसंच गोंधळतात तिथे एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आणि त्या बाईंचं खरं वय? समजा ४३ होतं. मग दहा जणांची मिळून सहा वर्षांची चूक झाली. एकमत उत्तम होतं, पण एकमताने चुकले. असं का होतं, त्याची कारणं पुढे आहेत.

चेहऱ्यात नेमकं काय बघून आपण वय ओळखतो?

लहान मुलांमध्ये हाडांचा आकार बघतो. मोठं कपाळ, चेहऱ्याच्या मानाने मोठे डोळे, छोटी हनुवटी. वाढीच्या वयात हे प्रमाण झपाट्याने बदलतं, म्हणून पाच वर्षांचं मूल आणि आठ वर्षांचं मूल यांतला फरक सहज कळतो. विशीनंतर हाडांची वाढ थांबते आणि सगळा भार त्वचेवर येतो. तिथे बदल सावकाश होतात आणि माणसागणिक वेगळे होतात. तिशी ते पन्नाशी या टप्प्यात अंदाज सैल पडतात ते यामुळेच.

सुरकुत्या सगळ्यांना दिसतात, पण त्या एकट्या निर्णय करत नाहीत. वरचा ओठ वयाबरोबर पातळ होत जातो. गालांची भर खाली सरकते, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल होते, जबड्याची कड पुसट होते. दात गेले असतील तर नाक आणि हनुवटी यांतलं अंतरच कमी होतं. म्हणून कवळी लावलेला आणि कवळी काढलेला एकच चेहरा कित्येक वर्षांच्या फरकाने दिसतो.

सहसा लक्षात न येणारी खूण म्हणजे उठाव. तरुण चेहऱ्यात ओठ, भुवया आणि डोळे आजूबाजूच्या त्वचेपेक्षा ठळक दिसतात. वय वाढेल तसा हा फरक फिका होतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्रेंच स्त्रियांच्या फोटोंमध्ये हा उठाव मुद्दाम कमीजास्त केला. जिथे वाढवला तिथे लोकांनी तोच चेहरा तरुण ठरवला. काजळ आणि लिपस्टिक नेमकं हेच काम करतात.

मग मेकअप केला की वय कमीच दिसतं का?

नाही. २०१९ च्या एका अभ्यासात चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रिया मेकअपमध्ये तरुण दिसल्या, तिशीच्या बाबतीत फरक पडला नाही आणि विशीच्या स्त्रिया उलट मोठ्या दिसल्या. विशीत उठाव मुळातच भरपूर असतो, आणि मेकअप केलेली म्हणजे मोठी मुलगी, अशी आपली समजूतही असते. लग्नातल्या फोटोंत करवल्या मोठ्या दिसतात त्याचं कारण हेच असावं, असं मला वाटतं.

कलपाबद्दलही लोक विचारतात. पांढऱ्या केसांचा अंदाजावर फार जोर असतो, त्यामुळे कलप लावला की आकडा खाली येतो. पण साठीच्या चेहऱ्याभोवती एकसारखे गडद काळे केस असले तर बघणाऱ्याला कलप ओळखू येतो आणि तो मनातल्या मनात वय परत वाढवतो. अशा फोटोंवर मतं जास्त विखुरतात.

हसल्याने माणूस तरुण दिसतो ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर बहुतेकांना पटत नाही.

हसताना गाल वर जातात, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात, खालची पापणी दुमडते. वय ओळखताना आपली नजर डोळ्यांच्या आसपासच सगळ्यात जास्त घुटमळते. परिणामी तरुण माणसाचा हसरा फोटो त्याच्याच शांत चेहऱ्याच्या फोटोपेक्षा थोडा मोठा वाटतो. इस्राएलमधले मानसशास्त्रज्ञ त्स्वी गॅनेल यांनी हे २०१५ मध्ये दाखवून दिलं. आश्चर्यचकित चेहऱ्याचं उलट होतं. डोळे विस्फारले की त्यांच्या भोवतीची कातडी ताणली जाते आणि वय कमी वाटतं.

यातली खरी गंमत २०१८ च्या पुढच्या अभ्यासात आहे. लोकांनी एकेक फोटो बघून आकडे दिले, तेव्हा हसऱ्या चेहऱ्यांना वय जास्त दिलं. मग त्याच लोकांना विचारलं, की एकंदरीत हसणारे लोक तुम्हाला कसे वाटले? ते म्हणाले, तरुण. म्हणजे आपला विश्वास एक सांगतो आणि आपलेच आकडे दुसरं.

आता दुसरी बाजू. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेने तयार केलेला 'फेसेस' नावाचा फोटोसंग्रह वापरून २०१२ मध्ये जो अभ्यास झाला, त्यात आनंदी चेहरे तरुण ठरले होते. या दोन निष्कर्षांचा पूर्ण मेळ अजून बसलेला नाही. पण फोटोतल्या व्यक्तीच्या वयाने बराच फरक पडतो एवढं कळलं आहे. हसण्याने वय वाढून दिसण्याचा परिणाम तरुण चेहऱ्यांत स्पष्ट असतो, म्हाताऱ्या चेहऱ्यांत दिसत नाही. सत्तरीच्या आजोबांच्या डोळ्यांभोवती सुरकुत्या शांत बसल्यावरही असतातच, हसण्याने त्यात नवीन भर पडत नाही.

वर दिलेल्या ४३ वर्षांच्या बाईंचा फोटो शांत चेहऱ्याचा असेल, तर सहा वर्षांच्या चुकीतला थोडा भाग कदाचित इथून आला असेल.

तरुण लोक मोठे आणि म्हातारे लोक लहान का वाटतात?

कारण खात्री नसली की आपण मधल्या आकड्याकडे झुकतो. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हजारो अंदाज तपासून दोन ठाम कल दाखवले. तरुण चेहऱ्यांचं वय वाढवून सांगितलं जातं आणि वयस्करांचं कमी करून, हा पहिला. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो टाळता येतो. आत्ताचा अंदाज आधी बघितलेल्या चेहऱ्याकडे ओढला जातो. एका ओळीत पाच म्हाताऱ्या माणसांचे फोटो बघितले आणि मग चाळिशीतला माणूस आला, तर त्याचंही वय वाढवून सांगितलं जातं. म्हणून फोटोंवर वय लिहून घेण्याचं काम करताना प्रत्येकाला फोटो वेगळ्या क्रमाने दाखवावेत. सगळ्यांना एकच क्रम दिला तर सगळ्यांची चूक एकाच दिशेने जाते आणि सरासरी घेऊनही ती धुतली जात नाही.

मोबाइलवर काढलेल्या फोटोत काय बिघडतं?

बरंच काही. आणि हे घरी करून बघता येतं.

एकाच माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवा आणि फोटो काढा. मग त्यालाच खोलीच्या मधोमध, छतावरच्या दिव्याखाली बसवून काढा. समोरून येणारा पसरट उजेड सुरकुतीच्या आतही पोचतो, त्यामुळे तिची सावली पडत नाही आणि ती दिसत नाही. वरून येणारा उजेड डोळ्यांखाली, नाकाच्या बाजूला आणि ओठांखाली सावल्या टाकतो. साधी घडी खोल खड्ड्यासारखी दिसते. त्वचेत काहीच बदललेलं नसतं, तरी बघणारे दुसऱ्या फोटोला वय जास्त देतात.

मग अंतर. सेल्फी हातभर लांबीवरून किंवा त्याहून जवळून काढला जातो. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत पुरुषाचं नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असा हिशेब २०१८ मध्ये अमेरिकी शल्यविशारदांनी मांडला होता. चेहऱ्याच्या मधला भाग फुगतो, कान आणि जबडा मागे जातात. जबड्याच्या कडेवरून वयाची जी खूण मिळायची ती अशा फोटोत पुसली जाते.

तिसरी गोष्ट फोटो पाठवल्यावर घडते. मेसेजमधून पाठवताना फोटोचा आकार कमी केला जातो आणि सगळ्यात आधी बारीक तपशील जातात. बारीक सुरकुत्या, रंध्रं आणि वांगाचे फिकट डाग हे सगळे त्या बारीक तपशिलातच असतात. शिवाय बऱ्याच फोनचा सेल्फी कॅमेरा कुणी न सांगताही त्वचा गुळगुळीत करतो. वधूवर सूचक मंडळाकडे दिलेल्या फोटोंना स्टुडिओत हात फिरवलेला असतो, हे आपण गृहीतच धरतो. फोनने परस्पर फिरवलेला हात मात्र लक्षात येत नाही.

तो ओळखायचा असेल तर फोटो मोठा करून भुवया आणि कपाळाची कातडी शेजारी ठेवून बघा. भुवईचा एकेक केस वेगळा दिसतोय, पण अर्ध्या इंचावर कपाळाला रंध्रच नाही, असं असेल तर त्वचा गुळगुळीत केलेली आहे. दोन्ही सारखंच धूसर असेल तर फोटोच लहान केलेला आहे. दोन्ही वेळा आकड्यावर फार विश्वास ठेवू नये.

ऊन, तंबाखू आणि कष्ट यांनी वय किती वाढून दिसतं?

उन्हाचा परिणाम सगळ्यात स्पष्ट आहे. २०१२ मध्ये एका प्रख्यात अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. त्याने २८ वर्षं ट्रक चालवला होता. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर पडत राहिलं. ती बाजू जाड, खोल सुरकुत्यांची झाली आणि उजवी त्यामानाने बरी राहिली. एकाच कपाळावर दोन वयं. काच उन्हातले जळजळ करणारे किरण बरेचसे अडवते, पण त्वचेत खोल जाणारे लांब लहरींचे किरण आत येऊ देते. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, म्हणून चालकाची उजवी बाजू आधी बघावी.

धूम्रपान करणारे आणि न करणारे अशा जुळ्यांच्या तुलनेतही धूम्रपान करणारा भाऊ किंवा बहीण मोठी दिसते.

शेतात राबलेल्या माणसाचं वय शहरातला माणूस हमखास वाढवून सांगतो, ते यामुळेच. त्याच्या ओळखीच्या चेहऱ्यांना इतकं ऊन लागलेलं नसतं.

सावळ्या त्वचेच्या लोकांचं वय चुकतं, हे खरं आहे का?

बघणारा कोण आहे, यावर ते अवलंबून आहे. गडद त्वचेतलं मेलॅनिन उन्हापासून काही प्रमाणात संरक्षण देतं, त्यामुळे बारीक सुरकुत्या उशिरा येतात. वय आधी दिसतं ते रंगातल्या बदलात: वांग, डोळ्यांभोवतीचा काळेपणा, गालावरचा असमान वर्ण. ज्याची नजर गोऱ्या चेहऱ्यांवर तयार झाली आहे तो सुरकुत्या शोधतो, त्या सापडत नाहीत आणि वय कमी सांगतो. उलट, डोळ्यांखालची काळी वर्तुळं आपल्याकडे विशीतही सर्रास असतात, पण अनोळखी नजरेला ती थकव्याची किंवा वयाची खूण वाटतात. आपल्याच समाजातल्या आणि आपल्याच वयोगटातल्या चेहऱ्यांबाबत अंदाज सहसा जास्त बरोबर येतात.

संगणक हे कसं करतो? तो माणसापेक्षा चांगला आहे का?

२०१५ ची ती स्पर्धा झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या रास्मुस रोथे, राडू टिमोफ्टे आणि लुक व्हॅन गूल यांच्या पद्धतीने जिंकली. त्यांनी इंटरनेटवरून प्रसिद्ध व्यक्तींचे पाच लाखांहून जास्त फोटो गोळा केले. जन्मतारीख आणि फोटोचं साल यांच्या वजाबाकीतून प्रत्येक फोटोचं वय ठरवलं. संगणकाने थेट एक आकडा द्यायचा नव्हता. ० ते १०० पैकी प्रत्येक वयाची शक्यता किती ते त्याने सांगायचं, आणि त्यावरून सरासरी काढायची. वरच्याच सूत्राने त्यांची चूक ०.२६५ आली. तुलनेसाठी घेतलेल्या माणसांची ०.३४ होती.

म्हणजे संगणक जिंकला का? दिसणाऱ्या वयात, हो. पण सरासरी काढण्याची ती पद्धत मधल्या आकड्याकडे झुकण्याचा दोष सोबत घेऊन येते. ७२ ची शक्यता ६० टक्के आणि ६० ची ४० टक्के असेल, तर उत्तर ६७ येतं. ६७ ची शक्यता संगणकाने स्वतःच शून्य धरलेली असते, तरी ६७ हे उत्तर आत्मविश्वासाने छापलं जातं. गॅनेल आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अशा अनेक प्रणाली तपासल्या. हसऱ्या चेहऱ्याला मोठं ठरवण्यासारखे माणसाचे कल त्यांच्यात होतेच, आणि माणसापेक्षा जास्त ठळक होते.

अमेरिकेच्या 'एनआयएसटी' या मानक संस्थेने मे २०२४ मध्ये सहा प्रणालींची चाचणी प्रसिद्ध केली. व्हिसाच्या फोटोंवर सरासरी चूक २०१४ च्या चाचणीतल्या ४.३ वर्षांवरून ३.१ वर आली होती. हे फोटो समोरून, चांगल्या उजेडात काढलेले असतात, एवढं ध्यानात ठेवावं. स्त्रियांच्या बाबतीत चूक जवळपास नेहमीच पुरुषांपेक्षा जास्त होती.

खरं वयच चुकीचं लिहिलेलं असेल तर?

हा प्रश्न महाराष्ट्रात फारच योग्य आहे. आपल्याकडे आधीच्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना नेमकी तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून टाकत आणि सालही अंदाजाने धरत. अशा माणसाच्या बाबतीत फोटोवरचा अंदाज आणि कागदावरचं वय यांत तीन वर्षांचा फरक आला, तर चूक कुणाची हे फोटोवरून कधीच ठरणार नाही. वयस्कर भारतीय चेहऱ्यांवर प्रणाली तपासणाऱ्यांनी १ जूनच्या नोंदी बाजूला काढून निकाल वेगळा बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोटोवरून कुणी १८ वर्षांचं झालं आहे का, हे ठरवता येईल का?

नाही. सरासरी तीन वर्षांची चूक असलेली पद्धत १७ आणि १८ यांतली रेषा ओढू शकत नाही. म्हणून अशा प्रणाली वापरणारे बऱ्याचदा उंबरठा वर नेतात. फोटोत २५ पेक्षा कमी दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागायचं, म्हणजे १७ वर्षांचा मुलगा २५ चा दिसला तरच निसटेल.

आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम स्पष्ट आहे. समोर आणलेली व्यक्ती बालक आहे हे दिसण्यावरूनच उघड असेल, तर तशी नोंद करून पुढे जाता येतं. शंका असेल तर आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची किंवा इतर वैद्यकीय तपासणी.

मी वयापेक्षा मोठा दिसतो. काळजी करावी का?

डेन्मार्कमध्ये सत्तरीपुढच्या १,८२६ जुळ्यांचे फोटो अनोळखी लोकांना दाखवून वय विचारलं आणि पुढची काही वर्षं त्यांची नोंद ठेवली. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार जोडीतला जो मोठा दिसत होता तो आधी जाण्याची शक्यता जास्त होती. पण हा वृद्धांच्या मोठ्या गटाचा कल आहे. पस्तिशीतल्या माणसाने दिव्याखाली काढलेल्या एका सेल्फीला तो लावू नये.

घरातल्या जुन्या फोटोचं साल असं काढता येईल का?

जन्मसाल पक्कं असेल तर ढोबळमानाने येतं. आजीचा जन्म १९३२ चा आणि फोटोत ती पंचविशीची वाटते, म्हणजे साधारण १९५७. घरातल्या लोकांना मात्र विचारू नका, त्यांना आजी ओळखीची असते आणि ते गोष्टींवरून साल जुळवतात. आजीला कधीच न पाहिलेल्या सात-आठ जणांकडून वेगवेगळे आकडे लिहून घ्या. फोटोत दुसरं कुणी लहान मूल असेल तर आधी त्याचं वय ओळखायला सांगा. वाढीच्या वयातल्या चेहऱ्यावर एक-दोन वर्षांपलीकडे सहसा चूक होत नाही, आणि त्या मुलाच्या जन्मसालावरून निघालेलं साल आजीच्या चेहऱ्यावरून काढलेल्या सालापेक्षा जास्त भरवशाचं असतं.